पाहुण्यांसाठी आवरलेली बाथरूम

संजीवनीकाकूंच्या घरी कुणी येणार असलं की सगळ्यात आधी बाथरूम आवरली जायची. दिवाणखान्याचा नंबर नंतर. परदेशात, चोआ चू कांग या उपनगरातल्या त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेऊन राहत होते, आणि हा नेम मला पहिल्याच आठवड्यात कळला. निळं टमरेल, लाल बादली, बसायचं ठेंगणं प्लास्टिकचं स्टूल आणि खोबरेल तेलाची बाटली अशी वरात माझ्या खोलीत यायची आणि अभ्यासाच्या टेबलाखाली मुक्काम करायची. बाथरूममध्ये टॉयलेट पेपरचा नवा रोल लागायचा, दारात फुलाफुलांची मॅट पडायची. पाहुणे गेले की वरात परत.

"काकू, टमरेलात लपवण्यासारखं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"तू नंतर आलीस या देशात," त्या म्हणाल्या. "तुला नाही कळायचं."

मग कधीतरी भाजी निवडताना त्यांनी सांगितलं. काकू साताऱ्याच्या. मनोहरकाकांच्या बँकेतल्या नोकरीमुळे १९८६ साली दोघं इथे आली. पहिल्याच वर्षी काकांच्या साहेबांची बायको चहाला आली. ती बाथरूममधून बाहेर आली आणि हसत म्हणाली, ते गोड छोटं भांडं कशासाठी असतं? झाडांना पाणी घालायला? काकू चटकन हो म्हणाल्या. घरात एकही झाड नव्हतं. "झाडं कुठे आहेत, असं तिने विचारलं नाही, एवढंच नशीब," काकू म्हणाल्या आणि गवारीच्या शेंगेचं शेपूट जरा जोरातच मोडलं.

याच काकूंनी बावीस वर्षं दर शनिवारी घरी मराठीचा वर्ग घेतला. इंग्रजी शाळेतली मुलं इथल्या सवयीने "यस लाह, नो लाह" करत यायची आणि काकू टेबलावर पेन्सिल आपटून म्हणायच्या, "पूर्ण वाक्यात उत्तर द्या." वर्ग बंद होऊन वर्षं झाली, तरी मोठी झालेली ती मुलं अधूनमधून शनिवारी येतात. त्यांच्यासाठीसुद्धा टमरेल टेबलाखाली जायचं.

जानेवारीत काकू मंडईत पडल्या. दुधी घ्यायला वाकल्या, ओल्या फरशीवर चप्पल सरकली आणि उजवं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, खुब्यात धातूचा गोळा बसला. गुडघे आधीच झिजलेले. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस त्या घरी आल्या त्या चाकाच्या खुर्चीतून. आधार धरून अर्धा मिनिट उभं राहता येत होतं, एवढंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की कंबरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. ठेंगण्या स्टुलाचे दिवस संपले.

पहिल्या दिवशी खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली.

काका बँकेत हिशेबनीस होते. त्यांनी आधीच मोजमाप घेऊन ठेवलं होतं. चौकट अडुसष्ट सेंटिमीटर, खुर्ची एकसष्ट. सात सेंटिमीटर शिल्लक. पण दार उघडल्यावर त्याची जाडी बिजागरीपाशी चौकटीतच उभी राहते, हे त्यांनी धरलं नव्हतं. खुर्ची ढकलणाऱ्या हातांची बोटं धरली नव्हती. त्यांची दोन्ही हातांची बोटं सोलून निघाली. आणि दारात पायरी होती, स्वयंपाकघरापेक्षा बाथरूमची जमीन सहा सेंटिमीटर वर. खुर्ची तिथेच थांबायची. काका काकूंना काखेत धरून उठवायचे, पायरी चढवायचे आणि मग आतच थांबायचे, कारण काकूंना सोडलं तर त्या पडल्या असत्या.

शेहेचाळीस वर्षांच्या संसारात काकांनी काकूंना कधी ओल्या केसांनी बाथरूममधून बाहेर येतानासुद्धा धड पाहिलं नव्हतं. केस पुसून, साडी नेसूनच त्या बाहेर यायच्या. आता ते भिंतीकडे तोंड करून, एक हात मागे करून त्यांचं मनगट धरून उभे राहायचे.

"अहो, डोळे मिटलेत ना?"

"अगं, भिंतीकडे बघतोय मी. फरशा मोजतोय. एकशे बारा आहेत."

"मोठ्याने मोजा. म्हणजे मला कळेल."

आणि काका मोठ्याने मोजायचे. स्वयंपाकघरात चहा करताना मला ऐकू यायचं. आम्ही तिघं त्यावर हसलोही, पहिले काही दिवस.

मग माझ्या लक्षात आलं की काकू पाणी पीत नाहीत. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच. चहाचा दुसरा कप त्यांना लागायचाच, तो बंद झाला. आमटी नको, ताक नको. बाथरूमला कमीत कमी वेळा जावं लागावं म्हणून. मार्चमध्ये त्यांना थंडी वाजून ताप आला. लघवीचा संसर्ग. तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, पाणी प्यायला हवं, दिवसाला सहा-सात ग्लास, नाहीतर पुन्हा भरती व्हावं लागेल.

घरी येताना टॅक्सीत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "एकदा दार लावून एकटीला बसता आलं," त्या म्हणाल्या, "तर हवं तेवढं पाणी पिईन मी. सांगा त्या बाईला."

दुसऱ्या दिवशी काकांनी रुग्णालयाला फोन केला आणि घरी येऊन बाथरूम बघणाऱ्या थेरपिस्टची वेळ ठरवली.

थेरपिस्ट म्हणजे हुईलिंग. तिशीची, आखूड केसांची, कमरेला मोजपट्टी. ती येणार त्या सकाळी काकूंनी खुर्चीत बसल्या बसल्या मला फर्मान सोडलं.

"बाथरूम आवर."

"काकू, ती बाथरूमच बघायला येतेय."

"म्हणूनच."

मी टमरेल, बादली, स्टूल, तेलाची बाटली सगळं उचललं आणि टेबलाखाली नेऊन ठेवलं. नवा रोल लावला, मॅट घातली. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी परकं माणूस येतं, आपण आवरतो. मी दोन वर्षं तेच करत होते.

हुईलिंगने काम नीट केलं. दार पूर्ण उघडून, दाराच्या पानापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोकळी जागा मोजली, बासष्ट सेंटिमीटर. खुर्ची सगळ्यात रुंद जागी, चाकाबाहेरच्या कड्यांपासून मोजली, एकसष्टच. शिल्लक एक सेंटिमीटर. काकांच्या बोटांकडे बघून म्हणाली, "अंकल, तुम्ही दगडी चौकट मोजलीत. मोजायची असते ती रिकामी हवा." काकांना ते फार आवडलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग तिने काकूंना विचारलं. काका शेजारी, आणि दाराशी सेंग उभा. सेंग म्हणजे काम करणारा कंत्राटदार, पन्नाशीचा, कानामागे पेन्सिल.

"आंटी, आंघोळ शॉवरखाली?"

"शॉवर, शॉवर."

"उभ्याने की बसून?"

"आधी उभ्याने. आता चेअर."

"आणि इथे," तिने कमोडकडे हात केला, "पेपर की पाणी?"

काकूंनी एकदा सेंगकडे पाहिलं, एकदा नव्या रोलकडे. "पेपर," त्या म्हणाल्या.

काका एकदम छताकडे बघायला लागले. मी स्वयंपाकघरात उगाच नळ सोडला.

"कमोडच्या डाव्या हाताला भिंत आहे, तिथे धरायला बार लावला तर चालेल?"

"ओके, ओके. व्हेरी गुड."

ज्या बाईने बावीस वर्षं पोरांकडून पूर्ण वाक्यं वसूल केली, तिने त्या दिवशी अर्धा तास एकेका शब्दात निभावलं.

परवानगीचे कागद झाले. घरात सत्तरीची दोन माणसं असल्यामुळे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनेतून बरंच काम बसत होतं. दाराच्या एका बाजूची भिंत काँक्रीटची, तिला हात लावता येत नाही. दुसरी विटांची. सेंगने ती फोडली आणि मोकळी वाट ऐंशी सेंटिमीटर केली. उघडणारं दार काढून स्वयंपाकघराच्या भिंतीवरून सरकणारं बसवलं. आत माणूस पडलं तर उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडकतं, सरकणारं बाहेरूनही उघडता येतं. कडी अशी की बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवली की सुटावी. पायरीवर उतार आला. काकांनी वहीत गणित मांडलं, एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी, म्हणजे सहाला बहात्तर. सेंगचा उतार त्यांनी स्वतः मोजला. बहात्तर भरला.

"अंकल, तुम्ही माझ्याकडे कामाला या लाह," सेंग म्हणाला.

फरशीवर लेप घातला, ओल्या पायाखाली जरा खरखरीत लागेल असा. शॉवरजवळ एक उभा बार, एक आडवा, दारात एक, आणि कमोडच्या डाव्या भिंतीवर एक. आठ दिवस घरभर धूळ होती आणि काकू त्यांच्या खोलीत, चाकाच्या कमोड-खुर्चीवर, पडदा ओढून, कसेबसे दिवस काढत होत्या.

एप्रिलच्या एका सकाळी बाथरूम तयार झाली. सगळं आपापल्या जागी आलं, टमरेल, बादली, सगळं. ठेंगण्या स्टुलाच्या जागी शॉवरखुर्ची. काकू उतारावरून आत गेल्या, दरवाजातून खुर्ची लोण्यासारखी सरकली. "बाहेर व्हा," त्यांनी काकांना सांगितलं. दार सरकलं. कडी लागली.

काका स्वयंपाकघराच्या मधोमध उभे. मी ओट्याशी. दोघांच्याही तोंडावर हसू मावत नव्हतं.

मग आतून काहीतरी कर्रकन वाजलं, आणि टमरेल फरशीवर आपटल्याचा आवाज.

"संजीवनी!"

"काही नाही! येऊ नका!"

काकांनी खिशातून नाणं काढलंच होतं, पण काकू नको म्हणत राहिल्या. पंधरा मिनिटांनी दार उघडलं. त्या खुर्चीत होत्या, साडी नेसलेली, चेहरा पांढरा. वॉशबेसिन भिंतीपासून बोटभर पुढे आलं होतं.

"मला नाही जमत," एवढंच म्हणाल्या. "तुम्हीच यायचं आत. आधीसारखं."

त्या दिवशी काका खरोखर रागावले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "अगं, भिंत फोडली तुझ्यासाठी! घरभर विटांचा चुरा खाल्ला आपण! आणि एका दिवसात नाही जमत?"

संध्याकाळी मी काकूंपुढे ताकाचा ग्लास ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला. तांब्या पुन्हा भरलेला राहायला लागला. बाथरूममधून पुन्हा आवाज यायला लागला, एक, दोन, तीन, एकशे बारा. पण आता त्यात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी हुईलिंग सेंगला घेऊन कामाची पाहणी करायला आली. सकाळी काकू मला म्हणाल्या, "आवर." मी मॅट घातली, बादली उचलली. टमरेल उचललं. आणि दारातच थांबले. ओल्या फरशीवर, नव्या लेपावर, मॅटची फुलं चमकत होती, आणि मला वाटलं, या बाथरूममध्ये जिच्यासाठी सगळं लावलंय ती बाई इथे राहतच नाही. बादली आणि टमरेल परत खाली ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काकूंना त्यांच्या खुर्चीतून आतलं दिसत नव्हतं.

हुईलिंग आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग तिचा आवाज आला. "अंकल, एक काम करा ना. खाली जाऊन सगळ्यांसाठी कोपी आणा. सेंग, तूही जा. पिशव्या जास्त असतील." कोपी म्हणजे इथली कॉफी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळणारी. दोघे गेले. तिने मला हाक मारली, "आंटींना आत आणशील?"

मी खुर्ची आत नेली आणि निघणार होते, तर काकूंनी माझं मनगट धरलं. म्हणून मला हे माहीत आहे.

हुईलिंग कमोडच्या झाकणावर बसली होती. हातात निळं टमरेल. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर शनिवारच्या वर्गातली होती.

"आंटी, हे कुणाचं?"

"झाडांना पाणी घालायचं," काकू म्हणाल्या.

"माझ्या आजीकडे पण होतं. लाकडी दांड्याचं. तिच्याकडेही झाडं नव्हती."

काकूंच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"मी चुकीचा प्रश्न विचारला," हुईलिंग म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारला, ते तर अजूनच चूक. आता फक्त आपण तिघी. मी बसते, तुम्ही सांगा. पहिल्यापासून. कुठला हात काय करतो."

काकूंनी पदर सारखा केला आणि त्यांच्या नीटनेटक्या, शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगितलं. पूर्ण वाक्यांत. "मी उजव्या हाताने जेवते. उजव्या हाताने पोळ्या करते आणि देवापुढे दिवा लावते. उजव्या हातात टमरेल धरते, पाणी ओतते. धुते ती डाव्या हाताने. तो हात दुसऱ्या कशाला लावत नाही. बार डावीकडे आहे. बार धरला तर धुणार कशाने? म्हणून मी बेसिन धरलं. उजवीकडे धरायला दुसरं काही नव्हतं."

"आणि बेसिन हललं."

"हललं."

"बेसिन भिंतीला दोन खिळ्यांवर असतं, आंटी. ते माणसाचं वजन धरत नाही." तिने वही बाजूला ठेवली. "माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अर्धे लोक हेच सांगतात. मलाय आजीबाई, तमिळ आजोबा. तुम्ही पेपर म्हणालात आणि मी रोल बघून मान डोलावली. नवाकोरा रोल. एक चौकोनही फाडलेला नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

मग काकू हसल्या. त्या इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. "बावीस वर्षांत एकाही पोराने माझी चोरी अशी पकडली नाही," त्या मला मराठीत म्हणाल्या.

त्यानंतर सगळंच बाहेर आलं. शॉवर आम्ही वापरतच नाही. बादलीत पाणी घेऊन अंगावर घेतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. रविवारी केसांना आणि अंगाला तेल. हुईलिंग ऐकत गेली आणि लिहीत गेली. बादली जमिनीवर असली की वाकावं लागणार, ते खुब्याला चालणार नाही. म्हणून बादली शॉवरखुर्चीच्या उंचीच्या भक्कम स्टुलावर, उजव्या हाताशी. शॉवरजवळचा आडवा बार उभ्या माणसासाठी लावला होता, तो खाली आणायचा, बसून हात पोचेल असा. तेल बाथरूममध्ये अजिबात नाही. "लेप पाण्यासाठी आहे, तेलासाठी नाही. तेल खोलीत लावा, तळपाय सोडून. आणि साबणाचा थर बसला की लेप आंधळा होतो, दर आठवड्याला ब्रशने घासायचा." मॅट तिने स्वतः गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ही सगळ्यात धोक्याची. फरशी घसरू देत नाही, पण ही फरशीवरून घसरते."

काका आणि सेंग कोपीच्या पिशव्या घेऊन परतले, तेव्हा हुईलिंग कमोडच्या उजव्या बाजूला मोजपट्टी धरून बसली होती. उजवीकडे भिंत नाही, मोकळी जागा, तिकडूनच खुर्ची येते. तिथे कायमचा बार लावला तर खुर्चीच अडेल.

"मागच्या भिंतीला बसणारा, दुमडणारा बार," ती सेंगला म्हणाली. "खुर्चीतून कमोडवर जाताना वर, बसल्यावर खाली. भिंत धरेल?"

सेंगने मागच्या भिंतीवर मुठीने ठोकलं, कान लावला, वरखाली ठोकत गेला. "काँक्रीट. ट्रक बांधला तरी धरेल."

"आणि सीटखाली पाण्याची नळी. नॉब फिरवला की पाणी सुरू राहील अशी."

"डावीकडे बार लावलाय ना?" काकांनी विचारलं. "तो वाया?"

"उठताना दोन्ही हातांनी जोर लावायचा. तो लागेलच."

"पण आता उजवीकडे का?"

सेंगने कोपीच्या पिशवीची गाठ सोडायला घेतली. तेव्हा काकू म्हणाल्या, मराठीत, पण मान वर करून, "कारण मी पाण्याने धुते आणि डाव्या हाताने धुते. एवढी वर्षं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही तसंच धुता. त्या दिवशी छताकडे काय बघत होतात?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मला वाटलं, तुला आवडणार नाही मी सांगितलेलं."

"नसतंच आवडलं," काकू म्हणाल्या. "तरी सांगायचं."

सेंगला शब्द कळले नव्हते, पण सूर कळला असावा. तो काकांना म्हणाला, "अंकल, कोपी प्या लाह. गरम आहे."

पुढच्या मंगळवारी बार बसला. भिंतीच्या फरशीला भोकं पाडताना पाण्याची धार धरून, मग भिंतीत रुतणारे अँकर बोल्ट, मग कडेने सिलिकॉन, पाणी भिंतीत जाऊ नये म्हणून. खाली आणलेल्या बारची जुनी भोकंही सेंगने बुजवली. शेवटी त्याने बार खाली पाडला आणि स्वतः त्यावर दोन्ही हात टाकून आपलं सगळं वजन सोडलं. पाय जमिनीवरून उचलले. बार हलला नाही. "आंटी, मी नव्वद किलो," तो म्हणाला. "तुम्ही?"

"ते विचारायचं नसतं," काकू म्हणाल्या.

काकांनी रोलकडे बोट दाखवलं. "हा काढू?"

"राहू दे. पाहुण्यांना लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आत गेल्या. दार सरकलं, कडी लागली. मी ओट्याशी उभी होते आणि काका माझ्या आणि दाराच्या मधे. आतून बार खाली आल्याची टक्क ऐकू आली. मग पाण्याची बारीक धार. मग काहीच नाही. काका अर्धं पाऊल पुढे सरकले.

"अहो," आतून आवाज आला. "तुम्ही दाराला चिकटून उभे आहात. श्वास ऐकू येतोय मला."

"मी कांदे शोधतोय."

"कांदे गॅलरीत असतात. चाळीस वर्षं तिथेच आहेत."

काका खरंच गॅलरीत गेले. तिथे चोआ चू कांगचे ब्लॉक उन्हात उभे होते आणि खाली कुणीतरी मुलाला शाळेच्या बससाठी ओढत नेत होतं. ते कांद्याच्या टोपलीशी उभे राहिले आणि त्यांनी एकही कांदा उचलला नाही. मला दिसलं, त्यांचे ओठ हलत होते. सवयीने मोजत होते. पण आकडा मनातल्या मनात, मोठ्याने नाही, कारण आता कुणाला ऐकायचं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा काकू खुर्चीत सरळ बसलेल्या होत्या. कुंकू लावलेलं. त्यांनी ओट्यावरच्या तांब्याकडे पाहिलं.

"मोठा ग्लास दे," त्या मला म्हणाल्या. पाणी एका दमात प्यायल्या. रिकामा ग्लास पुढे केला. "अजून."

त्या शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघी येणार होत्या. ऋता आणि क्षिप्रा, आता तिशीच्या, एकीच्या कडेवर बाळ. त्या यायच्या आधी मी सवयीने बाथरूममध्ये गेले. बादली तिच्या उंच स्टुलावर होती. टमरेल वापरात नव्हतं, पण खिडकीच्या कट्ट्यावर सरळ उभं होतं. नळ बंद पडला तर असावं, म्हणून. मी ते उचललं.

"कुठे निघालीस ते घेऊन?" काकू दारात आल्या होत्या.

"टेबलाखाली."

"कशाला? ठेव तिथेच."

मुली आल्या, चहा झाला. क्षिप्रा बाथरूममधून परतली आणि म्हणाली, "काकू, ते दार किती भारी आहे! आणि तो खाली येणारा बार. माझ्या सासूबाईंना हवाय तसाच. कुणी केलं?"

"सेंगने," काकू म्हणाल्या. "नंबर देते. पण आधी एक कर. त्यांना विचार, कुठला हात काय करतो. एकटीला विचार. आणि उत्तर पूर्ण वाक्यात घे."

क्षिप्रा हसायला लागली, तिला वाटलं काकू जुन्या दिवसांची चेष्टा करताहेत. काकू हसल्या नाहीत. त्यांनी आपला कप काकांकडे सरकवला.

"अहो, अजून आहे का? मला अर्धा नको, पूर्ण द्या."